शून्य दराचा टप्पा आणि करमाफीचा उंबरठा

‘एक लाखापर्यंत कर नाही’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांना लागू पडतं, आणि ऐकणाऱ्याला त्यातली कोणती हे कळायला मार्ग नसतो. पहिल्या व्यवस्थेत उत्पन्नातले पहिले एक लाख शून्य दराने मोजले जातात, मग उत्पन्न कितीही असो. दुसऱ्या व्यवस्थेत एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला कर माफ असतो; त्याने ती रेषा ओलांडली की त्याचं सगळं उत्पन्न, अगदी पहिल्या रुपयापासून, करपात्र होतं. पहिल्यात सूट उत्पन्नाच्या एका भागाला मिळते, दुसऱ्यात माणसाला. आज अनेक देशांच्या प्राप्तिकराच्या तक्त्यात पहिली ओळ ‘शून्य टक्के’ अशी असते. ती तिथे का असते, हे या दोन व्यवस्था शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय नीट उमगत नाही.

हिशेबासाठी एकच दर धरू, २० टक्के, आणि रेषा एक लाखावर. एक लाख कमावणाऱ्याला दोन्हीकडे कर शून्य. आता उत्पन्न १,०१,००० झालं. शून्य टप्प्याच्या व्यवस्थेत फक्त वरच्या हजारावर कर बसतो, म्हणजे २०० रुपये. हातात १,००,८०० उरतात. उंबरठ्याच्या व्यवस्थेत मात्र पूर्ण रकमेवर २०,२०० रुपये कर लागतो आणि हातात ८०,८०० उरतात. हजार जास्त कमावले आणि एकोणीस हजारांहून जास्त गमावले. हे नुकसान केव्हा भरून निघतं? उत्पन्न १,२५,००० होईल तेव्हा, कारण त्याचे ८० टक्के म्हणजे बरोबर एक लाख. मधल्या पंचवीस हजारांच्या पट्ट्यातला प्रत्येक माणूस रेषेवर थांबलेल्या माणसापेक्षा हातातल्या पैशाच्या हिशेबाने गरीब असतो.

अशा पट्ट्यात लोक काय करतात याचा अंदाज बांधणं अवघड नाही. जादा काम नाकारलं जातं, मिळकत पुढच्या वर्षात ढकलली जाते किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर दाखवली जाते. उत्पन्नाच्या आकडेवारीत रेषेच्या किंचित खाली गर्दी आणि लगेच वर पोकळी दिसली, की तिथे उंबरठा आहे असं समजावं.

यावर कायदे करणारे बहुधा एक ठिगळ लावतात: रेषेच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे १,०१,००० वाल्याला हजारच भरावे लागतात आणि हातात एक लाख उरतात. रेषेवरचा तुटता कडा गेला, पण १,२५,००० पर्यंत प्रत्येक जादा रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो. वीस टक्क्यांच्या कायद्यात गरिबीच्या अगदी वर असलेल्या लोकांसाठी शंभर टक्क्यांचा दर तयार होतो, आणि तो तक्त्यात कुठेही लिहिलेला नसतो.

जी गोष्ट पहिल्या रेषेची, तीच वरच्या प्रत्येक रेषेची. भारतात १९३९ च्या दुरुस्तीपर्यंत प्राप्तिकराचे दर संपूर्ण उत्पन्नाला लागत: उत्पन्न ज्या पायरीवर, त्या पायरीचा दर साऱ्या रकमेला. त्या दुरुस्तीने उत्पन्नाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला त्याचा दर लावण्याची स्लॅब पद्धत आणली. शून्य दराचा टप्पा हा त्या तुकड्यांतला सगळ्यात खालचा तुकडा, एवढंच.

मग तो शून्यच का? पाच टक्के का नाही? इथे जॉन स्टुअर्ट मिल यांचा एकोणिसाव्या शतकातला युक्तिवाद मला आजही सर्वांत भक्कम वाटतो. जगण्याला लागणाऱ्या किमान रकमेवर कर नको, आणि त्याहून जास्त कमावणाऱ्याकडूनही कर फक्त वरच्या शिलकीवर घ्यावा. पोट भरण्याचा खर्च श्रीमंतालाही असतोच. त्या रकमेतून कर देण्याची ताकद कुणाचीच नसते. जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबर १९९२ मध्ये या विचाराला घटनेचं बळ दिलं. सरकार स्वतः गरजूंना जगण्यासाठी जेवढी मदत देतं, निदान तेवढं उत्पन्न करदात्याकडे करातून वाचलं पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा. एका हाताने कर घेऊन त्याच माणसाला दुसऱ्या हाताने मदत द्यायची, याला अर्थ नाही. परिणाम मोठा झाला: ५,६१६ मार्कांची मूळ करमुक्त रक्कम १९९६ पासून १२,०९५ मार्क झाली.

शून्य टप्प्याच्या दुसऱ्या फळाबद्दल कमी बोललं जातं. वरच्या उदाहरणात दर एकच आहे, तरी कराचं उत्पन्नाशी प्रमाण चढत जातं. १,२५,००० वर कर पाच हजार, म्हणजे ४ टक्के. दोन लाखांवर १० टक्के, पाच लाखांवर १६, दहा लाखांवर १८. वीसपर्यंत ते कधीच पोचत नाही. चढती कररचना हवी तर बरेच दर लागतात असं नाही. एक शून्य आणि एक दर पुरतो. लहान रकमांसाठी विवरणपत्रं तपासण्याचा सरकारी खर्च वाचतो हेही खरं, पण तो मला दुय्यम मुद्दा वाटतो.

आक्षेप ठरलेला: श्रीमंताला ही सूट कशाला? आपल्या उदाहरणात ती एक लाखाहून जास्त कमावणाऱ्या प्रत्येकाचे २०,००० रुपये वाचवते, दहा लाखवाल्याचेही. रागावण्याआधी हिशेब करावा. तेवढे पैसे वरच्यांकडून परत घ्यायचे तर वरच्या टप्प्याचा दर थोडा वाढवता येतो, आणि कुठेही कडा तयार होत नाही. त्याऐवजी सूटच काढून घेतली की काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसतं. तिथे १२,५७० पौंडांची करमुक्त रक्कम आहे. उत्पन्न एक लाख पौंडांवर गेलं की दर दोन पौंडांमागे तिच्यातला एक पौंड कमी होतो, आणि १,२५,१४० वर ती संपते. त्या पट्ट्यात ४० टक्के दराचा करदाता इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात ६० टक्के भरतो. त्याच्या पुढे दर पुन्हा ४५ वर उतरतो. चढत्या तक्त्यात मधेच एक टेंगूळ.

शून्य टप्प्याची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. ज्याचं उत्पन्न आधीच त्या टप्प्याच्या आत आहे, त्याला टप्पा वाढवून एक पैसाही मिळत नाही. गरिबांसाठी म्हणून जाहीर झालेली वाढ त्यांच्या वरच्या सगळ्यांना मिळते, सर्वांत गरिबांना वगळून. आणि सगळ्यांना मिळते म्हणूनच ती तिजोरीला महाग पडते. उलट महागाई वाढत असताना आकडा तसाच ठेवला, तर कायद्यातला एक शब्दही न बदलता किमान गरजेच्या खर्चावर कर बसू लागतो. ब्रिटनचा १२,५७० हा आकडा २०२१ पासून हललेला नाही.