कांद्याचा पापुद्रा आणि बारा चित्रांची चाल

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन चालणारी मासळीवाली अ‍ॅनिमेशनसाठी कागदावर चालवायची झाली, तर दोन जुन्या सवयी हाताशी लागतात. एक कागदातून आली, दुसरी आवाजातून.

कागदाची आधीची. १९१४ साली अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅकेने ‘गर्टी’ ही डायनोसॉर पातळ तांदळाच्या कागदावर काढली. खालचं चित्र वरून दिसायचं, आणि कोपऱ्यांतल्या खुणा जुळवल्या की चित्र हलत नसे. पुढे भोकं पाडलेले कागद खुंट्यांवर बसू लागले आणि खालून उजेड येणारं टेबल आलं. आज पडद्यावर मागची-पुढची चित्रं फिकट रंगात दिसतात, त्या सोयीला ‘ओनियन स्किन’ म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदाचं हे नाव आहे.

मूकपटांच्या काळात फिल्मचा वेग ठरलेला नव्हता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आवाज फिल्मसोबतच धावणार, म्हणून वेग बदलून चालेना, आणि सेकंदाला २४ फ्रेम हे माप पक्कं झालं. प्रत्येक चित्र दोनदा टिपलं की सेकंदाला १२ चित्रं पुरतात. हेच ‘ऑन टूज’. मेहनत निम्मी होते, तरी चाल तुटक वाटत नाही.

आता आपली मासळीवाली. एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं धरलं, तर त्याला सहा चित्रं आणि दोन पावलांच्या आवर्तनाला बारा. पहिल्यात टाच टेकते, त्यानंतर वजन येऊन शरीर खाली जातं, चौथ्यात मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे निघतो, मग शरीर वर चढतं. सातव्यात दुसरी टाच टेकते. तेरावं चित्र काढायचं नाही, पहिलंच परत येतं. काढलं तर तीच मुद्रा चार फ्रेम थांबते आणि दर आवर्तनाला अडखळ दिसते. डोक्यावरच्या ओझ्यामुळे तिची मान जवळजवळ सपाट रेषेत जाते. ओनियन स्किन लावून पाटीचा तळ पाहिला की ही रेषा लगेच तपासता येते. ती लाटेसारखी झाली, तर पाटी रिकामी वाटते.

ओनियन स्किन अंतर दाखवतं, वेळ दाखवत नाही. ही मर्यादा सर्वांत जास्त पावलांत बोचते. समजा टेकलेला पाय दर चित्राला १० मिलिमीटर मागे जातो. पार्श्वभूमी मात्र दर फ्रेमला ५ मिलिमीटर सरकते. हिशेब बरोबर, तरी पाय थरथरतो: तो दोन फ्रेम थांबलेला असतो आणि जमीन सरकतच असते. पापुद्र्यात सगळं जुळलेलं दिसतं, खोट कळते ती चालवून पाहिल्यावरच. अशा वेळी जमीनही दोन-दोन फ्रेमनी सरकवावी, नाहीतर तेवढी चाल सेकंदाला २४ चित्रांची करावी. मी पहिला उपाय आधी करून बघते. जमीन वेगाने सरकत असेल, तर मात्र तीच धक्के देत जाते, मग चोवीस चित्रं काढण्यावाचून गत्यंतर नसतं.