पहिली सवलत एकदाच: जुन्या ग्राहकाला ‘मोफत ७ दिवस’ का मिळत नाहीत?

अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअरवर नव्या ग्राहकांसाठीच्या सवलतीला ‘इंट्रोडक्टरी ऑफर’ म्हणतात. ती मोफत चाचणीच्या रूपात असते, नाहीतर सुरुवातीचे काही महिने कमी दराने मिळतात. ही सवलत एका सबस्क्रिप्शन ग्रुपमध्ये एकदाच मिळते. मासिक, वार्षिक, साधा, प्रीमियम असे एकमेकांना पर्याय असलेले प्लॅन अ‍ॅप बनवणारी कंपनी एका ग्रुपमध्ये ठेवते. बहुतेकांची गफलत इथेच होते. सवलत एका प्लॅनवर घेतली, तरी ती अख्ख्या ग्रुपसाठी खर्च होते.

समजा, तुम्ही जानेवारीत मासिक प्लॅनची ७ दिवसांची मोफत चाचणी सुरू केली आणि तिसऱ्याच दिवशी रद्द केली. एक पैसाही कापला गेला नाही. ऑगस्टमध्ये त्याच अ‍ॅपच्या वार्षिक प्लॅनवर ‘७ दिवस मोफत’ दिसलं, म्हणून बटण दाबलं, तर खरेदीच्या पडद्यावर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम. प्लॅन नवा असला तरी ग्रुप तोच आहे, आणि चाचणी अर्ध्यावर सोडली तरी ती घेतलीच, असं धरलं जातं.

मग अ‍ॅपने मोफत असल्याचं दाखवलं कशाला? ती पाटी कंपनीने स्वतः लिहिलेली असते. समोरच्याची पात्रता तपासून मजकूर बदलणं हे कंपनीचं काम. त्यासाठी `isEligibleForIntroOffer` ही तयार सोय आहे, तरी काही अ‍ॅप सगळ्यांना एकच पाटी दाखवतात. ग्राहकाची ही सरळ दिशाभूल आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून शेवटची पुष्टी देण्याआधी अ‍ॅप स्टोअरच्या खरेदीच्या पडद्यावरची रक्कम आणि ती कापण्याची तारीख वाचाच. व्यवहार त्यावरच होतो.

या सवलतीसाठी वेगळा अर्ज नाही की कागदपत्रं नाहीत. पुरावा एकच, तुमच्या अ‍ॅपल खात्याची नोंद. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बदलला किंवा अ‍ॅपमध्ये दुसऱ्या ईमेलने लॉगिन केलं, तरी ती पुसली जात नाही. Settings मध्ये आपल्या नावावर जाऊन Subscriptions उघडलं की जुनी, संपलेली सबस्क्रिप्शन सापडतात.

परत येणारा प्रत्येकजण अपात्र ठरतो असं मात्र नाही. पूर्वी पूर्ण दराने पैसे भरले, त्या ग्रुपमध्ये ही सवलत कधीच घेतली नाही आणि आता सबस्क्रिप्शन चालू नाही, अशा ग्राहकाला ती मिळू शकते. सबस्क्रिप्शन चालू असताना मात्र नाही.

सवलत वापरून झाली असेल, तर ‘विन-बॅक ऑफर’ किंवा ऑफर कोड हे मार्ग उरतात. विन-बॅक ऑफर सोडून गेलेल्यांसाठीच असते. पण या दोन्ही द्यायच्या की नाही आणि कोणाला, हे कंपनी ठरवते. त्यामुळे विचारणा अ‍ॅपच्या मदत विभागाकडे करा.