ताण-विश्रांतीचा ‘बॅलन्स’: एका गुणोत्तराची पार्श्वभूमी

हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर मोजणाऱ्या तपासणीच्या (एचआरव्ही) रिपोर्टमध्ये ठोक्यांच्या संथ आणि जलद चढउतारांचं एलएफ/एचएफ हे गुणोत्तर असतं आणि त्याच्यापुढे बरेचदा ‘सिम्पथोव्हेगल बॅलन्स’ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा आला तर अनुकंपी चेतासंस्था वरचढ, म्हणजे माणूस ताणात. लहान आला तर परानुकंपी वरचढ, म्हणजे विश्रांती. पाच मिनिटांत शरीराचा तराजू हातात देणारा हा आकडा आला कुठून आणि त्यावर इतका वाद का, हे समजून घ्यायचं तर आधी ‘तराजू’ या कल्पनेकडेच पाहावं लागतं.

नावांचा गुंता जुना आहे. ‘सिम्पथी’ हा शब्द प्राचीन वैद्यकातला. शरीराच्या एका भागाला काही झालं की दुसरा भाग सोबत प्रतिसाद देतो, हा त्याचा अर्थ. त्याचंच मराठीत ‘अनुकंपी’ झालं. दयेशी त्याचा काही संबंध नाही, पण ‘अनुकंपी’ संस्था लढाईला उभं करते हे शिकताना विद्यार्थी अडखळतात ते याच शब्दामुळे. 1845 मध्ये व्हेगस, म्हणजे हृदयाकडे जाणारी मुख्य परानुकंपी चेता, उत्तेजित केली की हृदय मंदावतं हे दिसलं. 1898 मध्ये ‘स्वायत्त’ आणि 1905 मध्ये ‘परानुकंपी’ ही नावं रूढ करण्यात आली. 1910 च्या सुमारास व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी काही रुग्णांना सरळ ‘व्हेगसप्रधान’ ठरवलं, आणि माणूस एका पारड्याकडे झुकलेला असतो ही समजूत दवाखान्यात शिरली. पुढे ‘लढा किंवा पळा’ या वर्णनाने ती पक्की केली.

हृदयात मात्र दोन्ही चेता एकाच वेळी काम करत असतात. औषधं देऊन दोन्हींचा प्रभाव काढून टाकला तर हृदय स्वतःच्या मूळ गतीने चालतं. 1970 च्या एका मापनानुसार ही गती साधारण 118 वजा वयाच्या 0.57 पट इतकी असते. म्हणजे चाळिशीच्या माणसाची मूळ गती मिनिटाला सुमारे 95 ठोके. तोच माणूस शांत बसलेला असताना नाडी 65 असेल, तर व्हेगसने तीस ठोके खाली ओढून धरले आहेत, आणि तेही अनुकंपी चेता थोडी चालू असताना. तो उठून उभा राहिला की पहिल्या काही सेकंदांत वाढणारे ठोके मुख्यतः व्हेगसने पकड सैल केल्यामुळे वाढतात. व्हेगसचा परिणाम एका-दोन ठोक्यांत दिसतो. अनुकंपी परिणाम चढायला अनेक सेकंद लागतात. म्हणून ‘नाडी वाढली म्हणजे अनुकंपी जोर वाढला’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

दोन्ही एकत्र वाढण्याचं ठळक उदाहरण म्हणजे श्वास रोखून थंड पाण्यात चेहरा बुडवणं. व्हेगस हृदय मंदावते आणि त्याच वेळी अनुकंपी चेता हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. तराजूच्या चित्रात याला जागाच नाही. 1991 मध्ये अमेरिकी मानसशरीरशास्त्रज्ञांनी तराजूऐवजी दोन अक्षांचा नकाशा सुचवला: दोन्ही वाढू शकतात, दोन्ही घटू शकतात, किंवा एकच हलू शकते. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे, आणि सर्वांत कमी वाचली गेलेलीही.

तोवर गुणोत्तराची गाडी पुढे निघून गेली होती. 1981 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात ठोक्यांच्या चढउतारांचं लहरींमध्ये विभाजन करण्यात आलं. जलद लहरी (एचएफ) श्वासाबरोबर येतात आणि त्या परानुकंपी असतात, हे दिसलं. संथ लहरींत (एलएफ) दोन्ही चेतांचा वाटा आहे, असं त्याच प्रयोगाने सांगितलं होतं. 1986 मध्ये इटलीतल्या गटाने माणसांना झुकत्या टेबलावर उभं केलं. एलएफचं प्रमाण वाढलं, एचएफचं घटलं, आणि दोन्हींचं गुणोत्तर हा समतोलाचा निर्देशक म्हणून पुढे आला. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. दोन्ही लहरी ‘सामान्यीकृत’ एककांत मांडल्या की त्यांची बेरीज जवळजवळ शंभर होते. मग एक घटली की दुसरी वाढलेली दिसणारच. तराजूची ही चाल हिशेबातच होती. शरीरातही ती तशीच आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागलं असतं.

1996 मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने मोजमापाची मानकं ठरवली: एलएफ 0.04 ते 0.15 हर्ट्झ, एचएफ 0.15 ते 0.4 हर्ट्झ, नोंद पाच मिनिटांची. एलएफचा अर्थ वादग्रस्त आहे, आणि गुणोत्तर समतोल दाखवतं असं ‘काही संशोधक’ मानतात, हे त्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं होतं. यंत्रांच्या सॉफ्टवेअरने हे वारंवारितेचे पट्टे उचलले, गुणोत्तर उचललं आणि ‘काही संशोधक’ मागे राहिले. मोजमापाची एकसारखी पद्धत घालून देणं गरजेचं होतं, यात शंका नाही. पण वादातला आकडा मानकांच्या तक्त्यात बसवला की तो मान्यताप्राप्त वाटू लागतो. पुढच्याच वर्षी त्यावर सविस्तर टीका आली, 2013 मध्ये पुन्हा आली. अट्रोपिन या औषधाने व्हेगस रोखली की एचएफबरोबर एलएफचाही बहुतेक भाग नाहीसा होतो. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांत अनुकंपी जोर प्रचंड असतो, तरी एलएफ खाली गेलेलं असतं.

आपल्याकडे ही गोष्ट सर्वांत जवळून दिसते ती प्राणायामात. समजा एक माणूस मिनिटाला 15 श्वास घेत बसला आहे. सेकंदाला 0.25 श्वास, म्हणजे श्वासाची लहर एचएफ पट्ट्यात. सामान्यीकरण न करता एलएफ 500 आणि एचएफ 500 आले, तर गुणोत्तर 1. आता त्याने सावकाश श्वास घेत मिनिटाला सहावर आणला. सहा भागिले साठ म्हणजे 0.1 हर्ट्झ. व्हेगसचीच लहर, पण आता एलएफच्या पट्ट्यात पडली, आणि या गतीला ती फुगतेही. एलएफ 2,500 आणि एचएफ 250 झालं, तर गुणोत्तर 10. माणूस निवांत आहे, सरासरी नाडी स्थिर आहे, आणि रिपोर्ट म्हणतो तीव्र ताण. जपमाळ किंवा मंत्र म्हणतानाही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं 2001 च्या एका इटालियन अभ्यासात दिसलं होतं. लोणावळ्यात 1924 पासून श्वसनाचा प्रयोगशाळेत अभ्यास होत आला आहे. त्या परंपरेतल्या कोणालाही श्वासाची गती न लिहिता काढलेला निष्कर्ष अपुरा वाटेल.

सीमारेषा मिनिटाला नऊ श्वासांची आहे, कारण 0.15 हर्ट्झ म्हणजे तेवढेच. त्याखाली श्वास असेल तर गुणोत्तर वाचू नये. रिपोर्ट हातात आला की सर्वांत आधी त्यावर श्वासाची नोंद शोधावी. ती नसेल तर एलएफच्या आलेखाकडे पाहावं: रुंद उंचवट्याऐवजी 0.1 हर्ट्झच्या आसपास एकच उंच, टोकदार सुळका दिसला, तर बहुधा तो माणूस सावकाश श्वास घेत होता.