उधाणाची रात्र आणि भांगाची रात्र: कोकणात तंबू ठोकण्याआधी

कोकणात तंबूत राहायला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी किनारा ठरतो, मग सुट्टीचा शनिवार-रविवार, आणि तिथी बघायचं कोणाच्या मनातही येत नाही. माझं म्हणणं असं की आधी तिथी बघावी. एकाच किनाऱ्यावर आठवड्याच्या अंतराने काढलेल्या दोन रात्री इतक्या वेगळ्या असतात की तंबूची जागा, मुलांचे खेळ, आजीची झोप, सगळं त्यावर फिरतं. त्यातली एक रात्र उधाणाची असते, दुसरी भांगाची.

या दोन्हींबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. उधाण पौर्णिमेला येतं आणि अमावास्येला समुद्र शांत असतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात समुद्राला चांदण्याशी काही देणंघेणं नाही. अमावास्या असो वा पौर्णिमा, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि भरती खूप वर चढते, ओहोटीही तितकीच खोल जाते. हे उधाण. दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास ते काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याला छेद देते आणि पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. हा भांग. दोन्हींचा जोर नेमका त्या तिथीला न दिसता एक-दोन दिवसांनी जास्त दिसतो. म्हणजे समुद्राच्या दृष्टीने अमावास्या-पौर्णिमा सारख्याच आणि दोन्ही अष्टम्या सारख्याच. आकाशाच्या दृष्टीने मात्र या जोड्यांतल्या तिथी एकमेकींच्या उलट. उघड्या आभाळाखाली झोपायचं असेल तर हे दोन्ही हिशेब एकत्र मांडावे लागतात.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, शिवाय मुंबई, रत्नागिरी आणि मालवणच्या वेळांत फरक असतो. म्हणून बेत आखायला तो पुरेसा, पण जायच्या आधी जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून वेळ पक्की करून घ्यावी.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि आजी. जानेवारी महिना, दापोली तालुक्यातला कर्दे-लाडघरचा किनारा. त्यांच्यापुढे दोन शनिवार आहेत: एक अमावास्येचा, दुसरा त्याच्या आधीचा, कृष्ण अष्टमीचा.

अमावास्येच्या शनिवारी ते पाच वाजता पोचतात, तेव्हा ओहोटी जवळजवळ तळाला असते. पाणी लांब गेलेलं, पुळण अवाढव्य, वाळू वरून कोरडी वाटणारी. अशा वेळी तंबू पाण्याच्या जवळ, सपाटीवर ठोकावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण तिथून सहा तासांत, मुलं गाढ झोपलेली असताना, त्या दिवसाचं सगळ्यात मोठं पाणी येतं. त्यातही एक बारकावा आहे. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात उधाणाला दुपारची भरती मोठी असते, तर हिवाळ्यात रात्रीची. मुंबईला हा फरक कधीकधी अर्ध्या मीटरहूनही जास्त असतो, दक्षिणेकडे भरतीच लहान होत जाते तसा तोही कमी होतो. म्हणून दुपारच्या भरतीने सोडलेली ओली रेषा पाहून 'पाणी इथपर्यंतच येतं' असं ठरवणं धोक्याचं. ज्या पुळणीला चाळीस मीटरला एक मीटर एवढाच उतार आहे, तिथे पाणी फक्त अर्धा मीटर जास्त चढलं तरी वीस मीटर आत येतं. वीस मीटरमध्ये तंबू, चूल आणि चपला, सगळं आलं.

कृष्ण अष्टमीच्या शनिवारी पाचला पोचलात तर चित्र उलटं. पाणी चढतच असतं आणि सहा-सव्वासहाला, सूर्यास्ताच्या जरा आधी, तुमच्या डोळ्यांदेखत सर्वांत वर येऊन थांबतं. रेषा उजेडात दिसते. मग साडेबारापर्यंत ते उतरत राहतं आणि पुन्हा वर येतं ते सकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणजे चहा उकळायच्या वेळेला. शिवाय ही भरती मुळातच लहान. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हीच रात्र घ्यावी, असं मी आग्रहाने सांगते.

आकाशाचा हिशेबही इथे जुळतो. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मुलं जागी असतात तो सगळा वेळ काळोख मिळतो. जानेवारीत साडेसातनंतर कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मृगाचे तीन तारे एका ओळीत आणि खाली व्याध हे सहा वर्षांच्या मुलालाही दाखवता येतं. दक्षिणेकडे क्षितिज मोकळं असेल तर थोड्या वेळाने अगस्त्यही दिसतो. शुक्ल अष्टमीला भांग तसाच, पण चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो आणि मध्यरात्री मावळतो. त्या रात्री तारे फिके पडतात, मात्र विजेरीशिवाय वाळूवर चालता येतं. ज्या घरात आजीला अंधारात पाय टाकायची धास्ती वाटते, तिथे मी ताऱ्यांपेक्षा या उजेडाला पसंती देईन. काळोख सगळ्यांत दाट अमावास्येचाच, यात वाद नाही, पण त्याच्यासोबत उधाण येतं.

मग उधाणाची रात्र टाळायचीच का? नाही. मुलांसाठी तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी भांगात मिळत नाही: उघडे पडलेले खडक. उधाणाच्या खोल ओहोटीला लाडघरसारख्या किनाऱ्यावरचे खडक लांबवर मोकळे होतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं. त्यात शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, बोट लागताच मिटणारी समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कालवं, कधी काचेसारखी पारदर्शक कोळंबी दिसते. अमावास्येला ही ओहोटी साडेपाचला, म्हणजे उतरत्या उन्हात मिळते. भांगात ती भर दुपारी येते आणि तीही अर्धवट, त्यामुळे खडकांचे खालचे, जिवंत भाग उघडे पडतच नाहीत.

खडकांवर जायची रीत मात्र काटेकोर हवी. ओहोटी तळाला जायच्या दीडएक तास आधी आत जायचं आणि पाणी फिरायच्या वेळेला माघारी निघायचं. भरती सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ती जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जोरात येते, त्यामुळे सुरुवातीला 'अजून वेळ आहे' असं वाटतं आणि मागच्या घळीत पाणी भरून परतीची वाट तुटते. पायात बंद बूट हवेत, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा आणि जिवंत काही घरी आणायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

भांगाच्या सुट्टीत मुलांचे खेळ वेगळे आखावे लागतात. संध्याकाळी पाणी जवळ असतं, म्हणून पाय भिजवणं, वाळूचे किल्ले, कुर्ल्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी बघणं, हे सगळं तंबूच्या हाकेच्या अंतरावर होतं. जवळ खाडी असेल तर संध्याकाळच्या भरतीला होडीतून फेरी चांगली होते, कारण तेव्हा खाडीत पाणी भरलेलं असतं. खाडीच्या तोंडाशी मात्र पोहायला उतरू नये. उधाणाच्या ओहोटीला तिथली ओढ सर्वांत जास्त, पण भांगातही ती असतेच.

तंबूची जागा किनाऱ्यावरच वाचता येते. सुकलेलं शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांच्या अनेकदा दोन रेषा असतात. खालची ओलसर रेषा आजच्या भरतीची, वरची सुकी रेषा मागच्या उधाणाची. भांगात गेलात तरी खालच्या रेषेवर विसंबू नका, वरचीच खरी धरा. तिच्याही वर जिथे मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते, तिथे नेहमीचं भरतीचं पाणी पोचत नाही. तंबू वेलीच्या मागे, वेल न तुडवता. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या दांड्यावर तो कधीच नको, कारण तिथे पाणी पाठीमागूनही येतं. सुरूच्या बनात सुकलेल्या फांद्यांखाली नको, आणि तिथे चूलही पेटवू नये, कारण खाली पडलेला पाचोळा भराभर पेट घेतो. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. त्याऐवजी पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरली की तंबू वाऱ्यालाही हलत नाही.

उधाणाच्या सुट्टीसाठी माझी तडजोड ठरलेली आहे: झोप वाडीत, आकाश पुळणीवर. किनाऱ्यालगतच्या एखाद्या घरी आधी बोलून त्यांच्या खळ्यात तंबू लावायचा. तिथे विहिरीचं पाणी असतं, शौचालय असतं, आणि आजीला पडवीत खाटेवर झोपता येतं. तंबू माडाखाली मात्र नको. नारळ आणि सुकलेली झावळ रात्री केव्हाही पडते, म्हणून खळ्याचा मोकळा मध्यच बरा. वाडीला शिंपण चालू असतं, त्यामुळे डास असतात आणि वारा अडतो. जाळीचा तंबू असेल तर हे सोसता येतं. रात्री साडेनऊपर्यंत सगळ्यांनी चटई घेऊन पुळणीच्या वरच्या कडेला पडून तारे बघायचे आणि भरती पूर्ण चढायच्या आत घरी यायचं. भांगात वेलीमागे तंबू असला तर डास कमी, पण शौचालय लांब आणि पहाटे दवाने तंबू भिजतो. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुटतो, म्हणून तंबूचं दार समुद्राकडे ठेवलं तर थंडी कमी लागते.

एक गोष्ट मात्र दोन्ही रात्रींना लागू आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांना लागते ती नेमकी भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू, म्हणजे तंबूवाल्यांना आवडणारी जागा. अशा किनाऱ्यावर भांग असला तरी पुळणीवर तंबू, शेकोटी किंवा मोठा दिवा नको. वाडीत राहावं, ग्रामपंचायतीत किंवा गावातल्या कासवमित्रांकडे चौकशी करावी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं सोडायची वेळ असेल तर मुलांना घेऊन त्यांच्यासोबतच किनाऱ्यावर जावं.