गालाकडची एकच बाजू: क्लास वन की क्लास फाइव्ह?

मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर, म्हणजे ४६ क्रमांकाच्या दातावर, गालाकडच्या बाजूला कीड दिसली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हमखास ‘क्लास फाइव्ह’ लिहितो. किडीचे प्रकार जागेनुसार पाडणाऱ्या, दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या वर्गीकरणात मात्र नुसती बाजू पुरत नाही. कीड खाचखळग्यात सुरू झाली की गुळगुळीत पृष्ठभागावर, हे आधी ठरवावे लागते. या दाढेवर गालाकडची खाच जिथे संपते तिथल्या खळग्यातली कीड क्लास वन असते, तर हिरडीलगतच्या एक-तृतीयांश भागातली क्लास फाइव्ह.

हा भेद केवळ नोंदवहीपुरता नाही, कारण इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, कीड दोन्हीकडे उलट्या आकाराने पसरते. खळग्यात तिचे निमुळते टोक बाहेर आणि रुंद पाया त्याखालच्या डेंटिन थराच्या सीमेवर असतो, त्यामुळे बाहेरून सुईच्या टोकाएवढा दिसणारा काळा ठिपका आत बराच पोखरलेला निघू शकतो. गुळगुळीत पृष्ठभागावर रुंद पाया बाहेर आणि टोक आत असते. तिथे कीड उथळ पण आडवी पसरलेली आढळते.

अमाल्गम या धातूमिश्रणाच्या भरणासाठी खळग्यातली पोकळी तयार करताना बर, म्हणजे कोरायचे फिरते पाते, पृष्ठभागाला काटकोनात धरून आतली अक्षीय भिंत, म्हणजे पोकळीचा तळ, डेंटिनमध्ये सीमेपासून सुमारे ०.५ मिमी आत नेतात आणि खालून आधार नसलेले इनॅमल काढून टाकतात. पोकळी लहान आणि भिंती जवळपास समांतर असल्या की भरण सहसा त्यांच्याच आधाराने टिकते. क्लास फाइव्हमध्ये अक्षीय भिंत दातासारखीच बाहेरून फुगीर ठेवावी लागते. ती सपाट केली तर मधोमध बर दाताच्या जिवंत गाभ्याच्या, म्हणजे पल्पच्या, फार जवळ जातो, आणि रुग्णांआधीच्या प्रीक्लिनिकल सरावात ही चूक होऊ शकते. खोली वरच्या भिंतीशी १ ते १.२५ मिमी, तर मुळावरच्या, इनॅमल नसलेल्या कडेशी सुमारे ०.७५ मिमी असते. इथल्या बाजूच्या भिंती इनॅमलच्या दांड्यांच्या दिशेने बाहेर उघडतात, म्हणून त्यांच्यावर पकड मिळत नाही. ती वरच्या आणि हिरडीकडच्या भिंतीजवळ बारीक गोल बरने केलेल्या खाचांमधून घ्यावी लागते. दाताच्या रंगाचे, चिकटणारे कंपोझिट असेल तर अशा खाचांची गरज बहुधा पडत नाही. पकड मुख्यतः चिकटण्यावर असते.

आता ४६ वरच समजा खळग्यात काळा, मऊ ठिपका आहे आणि हिरडीजवळ पांढरा, खडबडीत पट्टा. खळग्याची पोकळी वर सांगितल्याप्रमाणे करावी. पट्ट्यावरचे इनॅमल अजून फुटलेले नसेल तर तिथे बर लावूच नये, फ्लोराइड व्हार्निश आणि नीट ब्रशिंग पुरेसे ठरू शकते. ते तपासताना प्रोब टोकाने रोवू नये, कारण दाबाने तोच पट्टा फुटून खरोखरीचा क्लास फाइव्ह होतो.