‘नो रिफंड’ लिहिलं की सुटलो?

"साइटवर ‘नो रिफंड’ टाकलं की पैसे परत द्यायचा प्रश्नच नाही ना?"

नाही हो. नुसतं मन बदललं तर रिफंड नाही, एवढं ठरवता येतं, पण कबूल केलेलं दिलंच नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 आडवा येतो, पावतीवर मुदत नसेल तर 30 दिवसांत पैसे परत. कोथरूडच्या एका ताईंनी 3000 च्या कोर्सला 20 लाइव्ह क्लास सांगितले, झाले 12, लोक 1200 मागणारच की! आता ताईंची रिफंडची ओळ अशी: "7 दिवसांत, 2 धड्यांपेक्षा कमी बघितलं तर पूर्ण पैसे, आमच्याकडून क्लास रद्द झाला तर 150 परत." आणि ‘अटी मान्य’ची टिक आधीच लावून ठेवू नका (कॉपी-पेस्ट केलेल्या फॉर्ममध्ये ती बऱ्याचदा येतेच), 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत ते चालत नाही, टिक ग्राहकानेच करायची.