चेहरा चौकटीत सरळ बसवताना

चित्र तयार करणाऱ्या मॉडेलला आपण एखाद्याचा फोटो देतो आणि सांगतो, चित्रातला माणूस असाच दिसू दे. फोटो मोबाइलवर काढलेला, ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा. त्यात चेहरा आहे, पण खांदे, भिंत, खिडकी, मागचं झाडही आहे. आपलं लक्ष आपोआप चेहऱ्यावर जातं. मॉडेलकडे जाण्याआधी मात्र हा सगळा फोटो फार लहान केला जातो. संदर्भचित्र वाचण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लिप या एन्कोडरच्या नेहमीच्या आवृत्त्या २२४ × २२४ पिक्सेलचंच चित्र घेतात. आधी फोटोची लहान बाजू २२४ वर आणली जाते आणि मग मधला चौकोन कापला जातो. म्हणजे आपला फोटो साडेतेरा पटींनी लहान होतो. मूळ फोटोत दोन डोळ्यांमध्ये ३९३ पिक्सेल अंतर असेल, तर आता उरतात २९. हा एन्कोडर चित्राचे १४ × १४ पिक्सेलचे तुकडे करून वाचत असेल, तर दोन डोळ्यांमध्ये जेमतेम दोन तुकडे येतात. इतक्या थोड्या माहितीतून नाकाची ठेवण किंवा पापण्यांचा आकार कळावा, ही अपेक्षा जास्तच आहे.

म्हणून चेहरा आधी शोधायचा, सरळ करायचा, मधोमध आणायचा आणि मगच द्यायचा. हे हाताने अंदाजे कापून भागत नाही, कारण दहा फोटोंत दहा वेगळे माप होतात. चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू, म्हणजे लँडमार्क, धरून तेच काम हिशेबाने करता येतं. बहुतेक चेहराशोधक पाच बिंदू देतात: दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे. डीलिब या लायब्ररीचं प्रसिद्ध मॉडेल ६८ बिंदू देतं. त्यात प्रत्येक डोळ्याभोवती सहा बिंदू असतात आणि त्यांची सरासरी म्हणजे डोळ्याचा मध्य. चेहरा सरळ करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता हिशेब. एन्व्हिडियाच्या संशोधकांनी २०१९ साली ७०,००० चेहऱ्यांचा एफएफएचक्यू हा संच प्रसिद्ध केला. त्यातलं प्रत्येक चित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचं आहे आणि सगळे चेहरे एकाच रीतीने कापलेले आहेत. पुढे चेहऱ्यावर काम करणारी कितीतरी मॉडेलं याच संचावर शिकली, त्यामुळे ही रीत समजून घेतली की बरंच काम होतं.

समजा, आपल्या फोटोत डावीकडचा डोळा (१३१०, १४८०) वर आहे आणि उजवीकडचा (१६९०, १५८०) वर. पहिला आकडा डाव्या कडेपासून, दुसरा वरच्या कडेपासून. ओठांच्या दोन कोपऱ्यांचा मध्य (१३९५, १९२९) वर आहे. एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाताना आपण ३८० पिक्सेल उजवीकडे आणि १०० खाली जातो. म्हणजे अंतर ३९३ आणि डोकं सुमारे १५ अंशांनी कललेलं. दोन्ही डोळ्यांचा मध्य (१५००, १५३०) आणि तिथून तोंडापर्यंत ४१३ पिक्सेल.

चौकोनाची दिशा ठरवताना फक्त डोळ्यांच्या रेषेवर विसंबून राहत नाहीत. डोळ्यांपासून तोंडाकडे जाणारी रेषा काटकोनात फिरवून डोळ्यांच्या रेषेत मिळवतात, म्हणजे एक डोळा किंचित चुकला तरी दुसरी रेषा सावरून घेते. चौकोनाची अर्धी बाजू म्हणजे डोळ्यांमधल्या अंतराची दुप्पट किंवा डोळे-तोंड अंतराची १.८ पट, यांतलं जे मोठं ते. इथे दुप्पट म्हणजे ७८६ आणि १.८ पट म्हणजे ७४३. मोठं ७८६, म्हणून चौकोनाची बाजू १५७२. केंद्र मात्र डोळ्यांच्या मध्यावर नाही, तिथून तोंडाच्या दिशेने एक दशांश खाली: साधारण (१४९०, १५७०).

```python
h = right_eye - left_eye
e = (left_eye + right_eye) / 2
v = mouth_mid - e
x = h + np.array([v[1], -v[0]])
x *= max(2.0*np.hypot(*h), 1.8*np.hypot(*v)) / np.hypot(*x)
c = e + 0.1 * v      # केंद्र; x ही अर्धी बाजू
```

हा तिरका चौकोन सरळ करून १०२४ वर आणला की डोळे बरोबर ३८४ आणि ६४० या उभ्या रेषांवर येतात, वरून ४८५ पिक्सेलवर. तोंड साधारण ७५४ वर. दोन डोळ्यांमधलं अंतर २५६, म्हणजे चौकटीचा नेमका चौथा भाग. हेच चित्र २२४ वर आणलं तर ते अंतर ५६ होतं, चार तुकड्यांइतकं. आधी दोन होते. चेहऱ्याला मिळणारी जागा जवळजवळ पावणेचार पट झाली आणि त्यासाठी नवा फोटो काढावा लागला नाही.

‘जे मोठं ते’ ही अट का घातली आहे, ते मान वळलेल्या फोटोत कळतं. बाजूला वळलेल्या चेहऱ्यात डोळ्यांमधलं दिसणारं अंतर ३९३ वरून २०० वर येऊ शकतं, पण डोळे-तोंड अंतर फारसं बदलत नाही. फक्त डोळ्यांवरून माप घेतलं तर चौकोनाची बाजू ८०० होईल, हनुवटी आणि कपाळ कापलं जाईल आणि मॉडेलला वाटेल की चेहरा अवाढव्य आहे. अटीमुळे अशा वेळी १.८ पटीचा नियम लागू होतो, बाजू १४८५ च्या आसपास राहते आणि माप टिकतं.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. डोळ्यांच्या वर चौकटीत १.९ डोळे-अंतरांइतकी जागा उरते. माणसाच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर धरलं तर ही जागा १२ सेंटिमीटर होते. त्यात माथा जेमतेम मावतो. फेटा, पगडी किंवा उंच बांधलेला अंबाडा कापलाच जाणार. तो चित्रात हवा असेल तर दुपटीऐवजी २.४ पट घ्यावी. चेहरा थोडा लहान होईल, पण फेटा शाबूत राहील.

ओळख पकडणारी दुसरी एक वाट आहे. तिथे चित्र थेट न देता आर्कफेससारख्या चेहरा-ओळख मॉडेलमधून काढलेली संख्यांची यादी चित्र तयार करणाऱ्या मॉडेलला, म्हणजे जनरेटरला, देतात. त्या मॉडेलला ११२ × ११२ ची फार घट्ट चौकट लागते आणि पाचही बिंदूंच्या जागा ठरलेल्या असतात. डावीकडचा डोळा (३८.२९४६, ५१.६९६३) वर, उजवीकडचा (७३.५३१८, ५१.५०१४) वर. फोटोतले पाच बिंदू या जागांवर शक्य तितके जवळ नेणारं रूपांतर काढायचं असतं. त्याची गणिती रीत उमेयामा यांनी १९९१ साली मांडली आणि ती आजही तशीच वापरतात.

या रूपांतराला चारच मोकळिका द्याव्यात: फिरवणं, लहान-मोठं करणं, आडवं सरकवणं आणि उभं सरकवणं. सहा मोकळिका दिल्या तर बिंदू ठरलेल्या जागांवर जास्त चपखल बसतात आणि म्हणून ते बरोबर वाटतं. पण मग लांबट चेहरा दाबून रुंद होतो, डोळे जवळ असलेल्या माणसाचे डोळे लांब जातात. ठरलेल्या जागा सरासरी चेहऱ्याच्या आहेत. प्रत्येक चेहरा त्यांवर ताणून बसवला तर ज्या फरकामुळे माणूस ओळखू येतो तोच पुसला जातो. पाचही बिंदू थोडे चुकलेले दिसणं हेच इथे बरोबर आहे. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीमध्ये चार मोकळिकांचं फंक्शन `estimateAffinePartial2D` आहे. नावात ‘Partial’ नसलेलं `estimateAffine2D` सहांचं.

लहान करताना आणखी एक खोच आहे. आर्कफेसच्या चौकटीत दोन डोळ्यांमध्ये ३५ पिक्सेल अंतर असतं. ३९३ चं अंतर ३५ वर आणायचं म्हणजे चित्र अकरा पटींनी लहान करायचं. चित्र फिरवून चौकटीत बसवणारा ओपनसीव्हीचा `warpAffine` नेहमीच्या पद्धतीत नव्या प्रत्येक पिक्सेलसाठी मूळ चित्रातले शेजारचे फक्त चार पिक्सेल बघतो, मधले बाकीचे सोडून देतो. भुवयांचे केस, दाढीचे खुंट, चष्म्याची बारीक कडा यांच्या जागी दातेरी ठिपके येतात. त्यात `INTER_AREA` लिहून उपयोग नाही, कारण या फंक्शनमध्ये ते चालत नाही. आधी `cv2.resize` मध्ये `INTER_AREA` वापरून फोटो पाचएक पटींनी लहान करावा, बिंदूही त्याच प्रमाणात भागावेत आणि मग फिरवावं.

बिंदूच चुकले तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. चेहराशोधक बहुधा पूर्ण फोटो ६४० पिक्सेलच्या चौकटीत बसवून बघतो. आपला ४०३२ चा फोटो तिथे गेला की डोळ्यांमधलं अंतर ६२ पिक्सेल राहतं आणि एक डोळा एका पिक्सेलने वर-खाली झाला तरी जवळपास एका अंशाची चूक होते. यावर सोपा उपाय म्हणजे दोनदा शोधणं. पहिल्या शोधावरून चेहऱ्याभोवती सैल चौकोन कापायचा आणि त्यातच पुन्हा बिंदू काढायचे. चौकोन सैलच हवा. चेहऱ्याने चौकट पूर्ण भरली तर काही शोधकांना चेहरा सापडतच नाही. जवळून काढलेल्या सेल्फीत असं झालं तर भोवती सपाट रंगाची पट्टी जोडली की तोच चेहरा लगेच सापडतो.

काही चुका चेहऱ्याच्या नसून फाइलच्या असतात. मोबाइल पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘दाखवताना फिरव’ अशी नोंद सोबत ठेवतो. पायथॉनची पिलो लायब्ररी ती नोंद आपणहून पाळत नाही, त्यासाठी `ImageOps.exif_transpose` द्यावं लागतं. ओपनसीव्ही लाल आणि निळ्या रंगांचा क्रम उलटा ठेवतं. कातडी निळसर दिसली तर दुसरं काही शोधत बसू नये. चेहरा उलटा आला तर ‘डावा डोळा’ माणसाचा डावा की चित्रात डावीकडे दिसणारा, यात घोळ झालेला असतो. आणि फोटोत चार माणसं असतील तर शोधकाने दिलेला पहिला चेहरा न घेता सर्वांत मोठा घ्यावा.

चेहरा फोटोच्या कडेला असेल तर चौकोनाचा काही भाग फोटोबाहेर जातो. आपल्याच उदाहरणात चेहरा आहे त्यापेक्षा ११३० पिक्सेल वर असता तर तिरक्या चौकोनाचा कोपरा सुमारे ५२० पिक्सेल फोटोबाहेर गेला असता. एफएफएचक्यूच्या रीतीत ही जागा फोटोचंच आरशातलं प्रतिबिंब घेऊन भरतात आणि कडेला धूसर करतात. थोडी जागा असेल तर चालतं. जास्त असेल तर डोक्यावर केसांचा दुसरा पुंजका उगवतो आणि जनरेटर तो खराच समजतो. चौकटीचा दहावा भाग बाहेर जात असेल तर तो फोटो सोडून दुसरा घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

एकाच माणसाचे दहा फोटो तयार झाले की त्यांची सरासरी काढून पाहावी, म्हणजे प्रत्येक जागच्या दहा पिक्सेलची बेरीज करून दहाने भागावं. बिंदू नीट बसले असतील तर डोळे आणि ओठ बऱ्यापैकी रेखीव येतात, कान, केस आणि मागचं सगळं धुक्यात विरतं. डोळ्याला दोन बुबुळं दिसली तर एखादा फोटो चुकला आहे. एकेक फोटो वगळून पुन्हा सरासरी काढली की तो सापडतो. बहुतेकदा तो गडद गॉगल घातलेला किंवा खूप वळलेला चेहरा निघतो.